40 सेकंदांचा नमस्कार

संक्रांतीच्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर पतंगांची, हलव्याच्या दागिन्यांची आणि तिळाच्या लाडवांची चित्रं येऊन पडलेली असतात. त्यातली बरीचशी एकसारखीच. आजी ती बघते आणि अंगठ्याने वर सरकवते. कुणी चार ओळी लिहून पाठवल्या असतील तर चष्मा शोधावा लागतो, अक्षरं बारीक दिसतात, आणि नातवंडांनी मराठी रोमन अक्षरांत लिहिलं असेल तर अर्धं वाचून फोन बाजूला ठेवला जातो. अशा वेळी आवाजाचा निरोप खरंच कामाचा असतो. त्याला चष्मा लागत नाही, आणि तो तिला हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा ऐकता येतो. फोन उचलायला धावावं लागत नाही ते वेगळंच.

पण असे बरेच निरोप पोचूनही ऐकले जात नाहीत, किंवा ऐकून कळत नाहीत. आजी म्हणते, “आला होता गं तुझा आवाज, छान वाटलं,” आणि आपण काय बोललो ते विचारलं की विषय बदलते. निरोप फार लांब असतो, फार भरभर बोललेला असतो, पहिला शब्द कापला गेलेला असतो किंवा मागे पंखा भरभरत असतो. यातलं प्रत्येक टाळता येतं, फक्त ते कशामुळे होतं हे माहीत हवं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. पुण्यात नोकरी करणारी नात, घरात तिला चिऊ म्हणतात. वाईजवळच्या गावात आजी, वय ऐंशीच्या घरात. फोन आजीचाच आहे, पण अर्धा दिवस तो काकूच्या हातात असतो. 14 जानेवारी. नातीला सुट्टी मिळालेली नाही आणि तिला आजीला संक्रांतीचा नमस्कार सांगायचा आहे.

सुरुवात आजीच्या कानापासून करायला हवी, कारण बोलायचं कसं हे तो कानच ठरवतो. वय झालं की ऐकू कमी येतं, पण सगळेच आवाज सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत. आधी जातात ते वरच्या कंपनसंख्येचे आवाज. स्वर मुख्यतः खालच्या भागात असतात आणि ते जोरकसही असतात, त्यामुळे ते ऐकू येत राहतात. स, श, च, त, क, फ अशा व्यंजनांची ओळख मात्र बरीचशी वरच्या भागावर अवलंबून असते, आणि मुळात ती स्वरांपेक्षा क्षीण असतात. म्हणून ताट, पाट आणि खाट हे शब्द एकसारखे वाटू लागतात. ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार अगदी शब्दशः खरी असते. घरातले तिला दुर्लक्ष समजतात, हे वाईट आहे.

यातून पहिली गोष्ट अशी निघते की ओरडून उपयोग नाही. आपण जोरात बोलतो तेव्हा वाढतो तो मुख्यतः स्वरांचा आवाज. ‘आऽऽजी’मधला ‘आ’ दुप्पट होतो, पण ‘ज’ होता तिथेच राहतो. शिवाय फोनजवळ ओरडलं की रेकॉर्डिंग फाटतं आणि शब्द आणखी अस्पष्ट होतात. नेहमीच्या आवाजात, जेवणाच्या टेबलापलीकडच्या माणसाशी बोलतो तितक्याच जोराने बोलावं आणि व्यंजनं पुरती उच्चारावीत. शब्दाचा शेवट गिळू नये. मराठीत आपण वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देतो, आणि क्रियापद नेमकं तिथेच असतं. ‘मी पुढच्या रविवारी येते’ आणि ‘मी पुढच्या रविवारी येत नाही’ यातला फरक शेवटच्या अर्ध्या सेकंदात असतो. तो अर्धा सेकंद जपून बोलायचा.

दुसरी गोष्ट वेगाची. सावकाश बोलायचं म्हणजे प्रत्येक शब्द सुटा करून बोलायचं नाही. ‘मी. आज. पोळी. केली.’ असं बोललं की वाक्याची चाल मोडते, आणि कमी ऐकू येणारा माणूस बराचसा अर्थ त्या चालीवरूनच लावत असतो. वाक्य आपल्या चालीने पुरं बोलावं आणि दोन वाक्यांमध्ये थांबावं, आपण एक श्वास सावकाश घेऊ इतकं. कान जे अर्धवट घेऊन येतो ते मनाने जुळवायला आजीला तेवढा वेळ लागतो. बोलणाऱ्याला हे थांबणं फार लांब वाटतं. ऐकणाऱ्याला वाटत नाही.

आता बोलायचं काय? इथे लोक अडतात. माईकवर बोट ठेवलं की एरवी अखंड बोलणारी माणसंही ‘हॅलो… हां… तर आजी… कशी आहेस…’ असं सुरू करतात आणि पुढे तीन मिनिटं भटकतात. शुभेच्छांच्या निरोपाला 40 सेकंद पुरतात. सावकाश बोलून, मध्ये थांबून त्यात साधारण पन्नास शब्द बसतात. त्याहून लांब निरोपात पहिली गोष्ट शेवटपर्यंत आजीच्या लक्षात राहत नाही, आणि मधला एखादाच शब्द निसटला तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. बारीक रेघेवर बोट सरकवून हव्या त्या जागी जाणं ऐंशीच्या बोटांना जमत नाही.

पन्नास शब्दांत चार गोष्टी बसवायच्या: कोण बोलतंय, नमस्कार, आपल्या आजच्या दिवसातली डोळ्यांसमोर येईल अशी एक गोष्ट, आणि एक प्रश्न. चिऊचा निरोप असा होईल:

“आजी, मी चिऊ बोलतेय, पुण्याहून. संक्रांतीचा नमस्कार करते गं. तिळगूळ घे.

आज सकाळी मी पहिल्यांदा गुळाची पोळी केली. दोन पोळ्या फुटल्या, गूळ सगळा तव्यावर आला. तिसरी मात्र अख्खी उतरली. ती तुझ्या नावाने बाजूला ठेवलीये.

मला एक सांग. गुळात तू डाळीचं पीठ भाजून घालतेस ना, ते किती घालतेस? सवडीने सांग.”

यातला प्रत्येक तुकडा तिथे का आहे ते सांगायला हवं, कारण तुमचा निरोप वेगळा असेल पण कारणं तीच राहतील.

नाव आधी, कारण लहान स्पीकरमधून येणारा आवाज ओळखायला क्षणभर लागतो. तो क्षण ‘कोण आहे हे’ यात गेला तर पुढचं वाक्य हुकतं. नाव घरातलंच घ्यावं. कागदावरचं नाव आजीने कदाचित वर्षभरात उच्चारलेलंही नसेल. गावाचं नावही घ्यावं, विशेषतः नातवंडं चार गावांना पांगली असतील तर. फोनच्या पडद्यावर नाव दिसतं खरं, पण निरोप बऱ्याचदा काकू लावून देते आणि आजी नुसती ऐकते.

नंतर नमस्कार. मराठी घरात शुभेच्छांची एक दिशा असते: धाकट्याने नमस्कार करायचा, थोरल्याने आशीर्वाद द्यायचा. ‘आजी, तुला मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा, तुझं आयुष्य सुखसमृद्धीचं जावो’ हे वाक्य नातीच्या तोंडी उलटं वाटतं, आणि ते छापील कार्डाचं आहे हेही लगेच कळतं. ‘नमस्कार करते गं’ म्हटलं की आजी फोनसमोर बसल्या जागी आशीर्वाद देऊन मोकळी होते. ‘तू’ की ‘तुम्ही’ हे घरात चालतं तसंच. बऱ्याच घरांत आजीला ‘तू’ आणि आजोबांना ‘तुम्ही’ म्हणतात, मग निरोपातही तसंच म्हणावं. रेकॉर्डिंग सुरू झालं की काही जण एकदम निवेदकाच्या मराठीत शिरतात. तो आवाज आपल्या नातीचा वाटत नाही.

मग ती एक गोष्ट. ‘इकडे सगळं मजेत आहे’ यात बघण्यासारखं काही नाही. तव्यावर सांडलेला गूळ मात्र आजीला दिसतो. त्याचा चरचर आवाज आणि जळका वासही तिच्या ओळखीचा आहे, कारण तिच्याही पोळ्या कधीतरी फुटल्याच असतील. गोष्ट लहान हवी, आजची हवी आणि शक्यतो आजीच्या माहितीच्या प्रांतातली हवी. ऑफिसमधल्या बढतीची बातमी आनंदाची असली तरी हुद्द्याचं इंग्रजी नाव, नवा विभाग, नवा साहेब हे सगळं समजावताना 40 सेकंद संपतात. ती फोनवर सांगावी, तिथे तिला मध्येच विचारता येतं. आजारपण, पैसे, भांडण या गोष्टीही निरोपात नकोत. ऐकणाऱ्याला लगेच काही विचारायचं असतं आणि समोर कुणी नसतं, मग दिवसभर घोर लागतो.

प्रश्न शेवटी, आणि एकच. तीन प्रश्न विचारले तर तिसऱ्याचं उत्तर येतं किंवा कशाचंच येत नाही. ‘कशी आहेस?’ हा प्रश्न नाहीच, त्याचं उत्तर ‘बरी आहे’ हे ठरलेलं आहे. डाळीच्या पिठाचं प्रमाण विचारलं की तिच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. गूळ किसायचा की फोडायचा, पीठ कितपत तांबूस भाजायचं, तीळ आणि खसखस केव्हा कुटून घालायची, सारण कडेपर्यंत का पसरायला हवं. ज्या विषयात तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं तो विषय विचारावा. आजोबांना विचारायचं असेल तर यंदा ज्वारी कशी आहे, किंवा घरामागच्या आंब्याला मोहोर आला का. जानेवारीत मोहोराचे दिवस असतात, त्यामुळे उत्तर देण्याआधी ते बाहेर जाऊन झाड बघून येतील.

आणि ‘सवडीने सांग’. हे दोन शब्द गाळू नयेत. निरोप आला म्हणजे लगेच उत्तर द्यायचंच, असं जुन्या माणसांना वाटतं. फोन वापरायची धास्ती असेल तर त्या दडपणापायी ती निरोप उघडायचंच टाळतात.

हे सगळं लिहून काढून वाचावं का? वाचू नये. वाचलेलं लगेच ओळखू येतं, वाचताना आवाज सपाट होतो आणि वेग वाढतो. चार शब्द कागदावर पुरतात: चिऊ, नमस्कार, पोळी, पीठ. बाकीचं तोंडाला आपोआप येतं. एकदा मनात बोलून बघावं आणि मग रेकॉर्ड करावं. दुसऱ्या खेपेचं रेकॉर्डिंग सहसा चांगलं येतं. पाचव्या-सहाव्या खेपेपर्यंत मात्र त्यातला जीव गेलेला असतो. मध्ये एखादा शब्द अडखळला, हसू आलं तर ते राहू द्यावं.

रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपच्याच माईकने करावं, फोनमधल्या वेगळ्या रेकॉर्डरवर करून फाइल जोडू नये. कारण साधं आहे. डेटा वाचवायला घरातल्या कुणीतरी आजीच्या फोनवर आपोआप डाउनलोड होणं बंद केलेलं असतं. जोडलेली फाइल मग खाली बाण दाखवत तशीच पडून राहते. माईकने पाठवलेला व्हॉइस मेसेज त्या सेटिंगला जुमानत नाही, तो नेहमी आपोआप उतरतो.

लिहायच्या चौकटीच्या उजवीकडे माईकचं चिन्ह असतं. ते दाबून धरायचं आणि बोट तसंच वर, कुलपाच्या चिन्हाकडे सरकवायचं. कुलूप लागलं की बोट काढलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. हे केल्याने दोन नेहमीचे घोटाळे टळतात. एक म्हणजे बोट डावीकडे घसरून सगळं पुसलं जाणं. दुसरा, शेवटचा शब्द तोंडात असतानाच बोट उचललं जाऊन ‘सवडीने सां’ एवढ्यावर निरोप निघून जाणं. सुरुवातही अशीच कापली जाते, कारण माईकला बोट लागताच आपण बोलू लागतो आणि रेकॉर्डिंग सुरू व्हायला किंचित वेळ लागतो. तो कापलेला शब्द बहुतेक वेळा ‘आजी’ हाच असतो. आकडा 0:01 झाल्याचं दिसलं की मगच तोंड उघडावं, आणि शेवटचा शब्द संपल्यावरही मनात ‘एक’ म्हणेपर्यंत थांबावं.

कुलूप लावल्यावर थांबवायचं बटणही दिसतं. ते दाबून पाठवण्याआधी आपलं बोलणं ऐकता येतं. ही सोय 2021 सालच्या डिसेंबरात आली. ऐकताना पडद्यावरच्या उभ्या रेघांकडेही बघावं. सुरुवातीला बराच वेळ नुसते ठिपके असतील तर तेवढी शांतता आहे, आणि आजीला वाटेल की आवाजच येत नाही. सगळ्याच रेघा एकजात उंच असतील तर फोन तोंडाच्या फार जवळ होता. बोलणं जिथे आहे तिथे उंचसखल रेघा आणि थांबलात तिथे ठिपके, असं दिसलं की ठीक.

त्याच पट्टीवर गोलात ‘1’ असं चिन्ह असतं. चुकून त्याला बोट लागलं तर निरोप फक्त एकदाच ऐकता येतो आणि नंतर नाहीसा होतो. आजीसाठी याहून वाईट काही नाही, कारण ती तो दुपारी शेजारणीला ऐकवणार असते. पाठवण्याआधी ते चिन्ह चालू झालेलं नाही ना, एवढं बघून घ्यावं.

फोन धरायचा कसा? बोलायचा माईक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. करंगळीने फोनला आधार द्यायची सवय असेल तर तीच नेमकी त्यावर येते आणि आवाज उशीखालून आल्यासारखा होतो. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा बाजूला धरावा. अगदी तोंडासमोर धरला तर ख, घ, थ, ध, फ, भ या अक्षरांबरोबर सुटणारा श्वास माईकवर आदळतो आणि भप्प भप्प असे आवाज येतात. मराठीत अशी अक्षरं पावलोपावली येतात, त्यामुळे हा दोष आपल्याकडे जरा जास्तच जाणवतो. ब्लूटूथचे इअरफोन कानात असतील तर काढून ठेवावेत. पुष्कळदा आवाज त्यांच्या माईकमधून घेतला जातो आणि तो दबलेला येतो.

खोली निवडताना आरशासारख्या फरशांचं स्वयंपाकघर टाळावं, तिथे आवाज घुमतो आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात. गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली बरी. पंखा 40 सेकंद बंद करावा. आपला कान पंख्याच्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकलेला असतो, माईक तसं करत नाही, आणि ज्याला आधीच कमी ऐकू येतं त्याला बोलणं आणि घरघर वेगळी काढणं फार जड जातं. मागे टीव्ही नको, देवळातली आरती नको, कुकर तर नकोच. घरातला एखादा आवाज आजीला मुद्दाम ऐकवायचा असेल, समजा शेजारच्या गच्चीवरचा पतंगवाल्या पोरांचा ‘काटा’ असा ओरडा, तर आधी आपलं बोलणं संपवावं आणि मग तीन-चार सेकंद नुसता तो आवाज येऊ द्यावा. दोन्ही एकत्र कालवू नये.

निरोप आजीच्या एकटीच्या खात्यावर पाठवावा, घराच्या ग्रुपवर नाही. ग्रुपमध्ये तो पतंगांच्या चित्रांखाली दहा मिनिटांत गाडला जातो. शिवाय ग्रुपमध्ये सगळ्यांनी ऐकल्याशिवाय माईकचं चिन्ह निळं होत नाही. एकटीला पाठवला तर तिने ऐकला की आपल्याकडे तो छोटा माईक निळा होतो. निळ्या टिकल्या बंद ठेवता येतात, हा निळा माईक बंद करता येत नाही, त्यामुळे तो खरं सांगतो. नुसत्या टिकल्या निळ्या असतील तर तिने खातं उघडलंय, निरोप लावलेला नाही. मग ‘ऐकलास का?’ असा फोन करण्याऐवजी काकूला सांगावं की जरा लावून दे.

तोच निरोप पुढे ढकलून नानीलाही पाठवायचा मोह होतो. पण त्यात ‘आजी’ ऐकू येतं. नानीसाठी वेगळं रेकॉर्ड करावं, आणि तिच्याकडच्या गोष्टीबद्दल विचारावं.

वेळेची घाई नको. सकाळी आठला सगळ्यांची चित्रं येतात, आणि त्या वेळी आजी सुगडांच्या पूजेत असते. दुपारी जेवण आटोपून घर निवांत झालं की निरोप ऐकला जातो. दिवस हुकला तरी बिघडत नाही. तिळगूळ आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे चार दिवसांनी पाठवलेला तिळगुळाचा निरोपही वेळेवरच असतो.

आता पलीकडे काय घडतं ते बघू, कारण बरेचसे निरोप तिथे बिघडतात. आजी त्रिकोणावर बोट ठेवते, आवाज येऊ लागतो, नीट ऐकू येत नाही म्हणून ती सवयीने फोन कानाशी नेते. फोनच्या वरच्या कडेला एक सेन्सर असतो. त्याला गाल जवळ आल्याचं कळतं, पडदा काळा होतो आणि आवाज मोठ्या स्पीकरमधून कानाजवळच्या लहान स्पीकरमध्ये जातो. आजीच्या दृष्टीने आवाज बंद पडला आणि फोनही विझला. ती घाबरून बाजूचं बटण दाबते आणि निरोप तिथेच राहतो. ‘आवाज येतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. उपाय एकच, फोन समोर टेबलावर किंवा मांडीवर ठेवून ऐकायचा. आवाज वाढवायचा तर निरोप चालू असताना बाजूचं बटण दाबायचं. आधी दाबलं तर काही फोनवर रिंगचाच आवाज वाढतो.

कानात मशीन असेल तर आणखी एक गोष्ट. कानामागे बसणाऱ्या मशीनचा माईक कानाच्या मागच्या बाजूला, वर असतो. फोन कानाच्या भोकाशी धरून काही मिळत नाही, उलट घट्ट दाबला तर मशीन शिट्टी मारू लागतं. फोन समोर हातभर अंतरावर ठेवून मोठ्या आवाजात लावला की मशीनला तो नेहमीच्या बोलण्यासारखा मिळतो.

तिसरा घोटाळा वेगाचा. निरोप चालू असताना त्याच्या कडेला 1× असं दिसतं. तिथे बोट लागलं की 1.5× होतं, पुन्हा लागलं की 2×. नात एकदम चिमणीसारखी चिवचिवायला लागली अशी तक्रार आली तर हेच झालेलं असतं. तिथे पुन्हा बोट लावून 1× वर आणायचं. पुढच्या भेटीत हे एवढं काकूला दाखवून ठेवावं.

मित्राला पाठवायचा निरोप यापेक्षा बराच सोपा. त्याचा कान चांगला आहे, वेगाने बोललेलं त्याला कळतं, आणि मागचा रस्त्याचा गोंगाट त्याला उलट आवडतो. अडचण वेगळी आहे. तो मीटिंगमध्ये किंवा लोकलमध्ये असतो आणि आवाज लावू शकत नाही, तुमच्या निरोपात काय आहे हे त्याला दिसतही नाही. म्हणून निरोपाखाली एक ओळ टाइप करावी: ‘वाढदिवसाचं आहे, 20 सेकंद, निवांत ऐक’. पत्ता, वेळ, गाडी नंबर असं काही त्यात बोलू नये, ते लिहावंच, कारण नंतर शोधता येत नाही. आणि वाढदिवसाला गाणं म्हणायचं असेल तर दोन ओळी म्हणून थांबावं. त्यापेक्षा त्याच्याबद्दलचं एखादं खरं वाक्य बोलावं, जे तुम्ही त्याला समोर बसून म्हणाला नसता. आवाजात ते सहज म्हणता येतं, लिहिताना आपण ते खोडून टाकतो.

आजीच्या घरी जपून ठेवायचा प्रश्नही येतो. तिच्या खात्यावर निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस, जे ठरवलेलं असेल त्यानंतर आवाजही जातो. ती बंद करावी. आणि तिने पाठवलेले निरोप आपल्या बाजूने जपावेत. अँड्रॉइड फोनमध्ये ते `WhatsApp Voice Notes` नावाच्या फोल्डरमध्ये असतात, फाइलचं नाव `PTT` ने सुरू होतं आणि त्यात तारीख असते. वर्षातून एकदा त्या फाइली संगणकावर उतरवून, ‘आजी, गुळाची पोळी’ अशी ओळखता येणारी नावं देऊन ठेवाव्यात. फोन बदलताना हेच आधी हरवतं.

राहिलं उत्तर. आजीकडून पहिल्यांदा बहुतेक एक सेकंदाचा, रिकामा निरोप येतो. तिने माईक क्षणभर दाबून सोडलेला असतो. त्याला ‘काहीच ऐकू आलं नाही’ असं कळवू नये, थोडं थांबावं. मग दुसरा येतो, त्यात ती काकूला विचारत असते, “आता बोलू का? चालू झालं का?” तिसऱ्यात पिठाचं प्रमाण असतं. बोट थरथरत असेल तर दाबून धरणं जमत नाही, घसरून सगळं पुसलं जातं. तिला वर सरकवून कुलूप लावायला शिकवावं, किंवा सरळ काकूने कुलूप लावून फोन समोर ठेवावा. तिचा निरोप चार मिनिटांचा येईल, त्यात पिठाशिवाय गावातल्या तीन लग्नांची हकिकतही असेल. 40 सेकंदांचा हिशेब तिला लागू नाही.

तिने वाटीला किती चमचे पीठ सांगितलंय ते लिहून घ्यावं, पुढच्या रविवारी तसंच घालून पोळी करावी, आणि फुटली की उतरली ते पुन्हा माईकवर सांगावं.